अर्जातलं एकुलतं एक ॲप

कॉलेजच्या प्लेसमेंट विभागाने आम्हाला कव्हर लेटरचा एक इंग्रजी नमुना दिला होता. नाव, शाखा, कंपनी एवढ्या जागा मोकळ्या, बाकी सगळं तयार. त्यात एक वाक्य होतं की मी कष्टाळू, जिद्दी आणि सतत काहीतरी नवं शिकायला उत्सुक आहे. आमच्या वर्गातला एक महाभाग चार वर्षांत पहिल्या तासाला कधी दिसला नव्हता, पण कागदावर तोही सतत शिकायला उत्सुक होता. मी पण होते. पुण्या-नाशिकच्या कितीतरी कंपन्यांना मी तो नमुना पाठवला आणि एकीचंही उत्तर आलं नाही. आता वाटतं, त्यांचं काय चुकलं? खानदेशातून दर जूनमध्ये तेच पत्र टोपलीभर जात असणार.

वडील रोज एकदा विचारायचे, "आलं का काही?" त्यांचं धुळ्यात विजेच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे. जळालेली मोटार आणून टाकली की तिसऱ्या दिवशी फिरती करून द्यायची, असा त्यांचा हिशोब. चार वर्षं शिकवलेली मुलगी अजून फिरत का नाही, हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी त्यांनी जाहीर केलं की दिवाळीपर्यंत वाट बघू, मग स्पर्धा परीक्षेचा क्लास. स्पर्धा परीक्षेबद्दल माझा काही राग नाही. पण मला सनावळ्या पाठ होत नाहीत आणि मोबाइलचं ॲप बनवताना भूक लागलेली कळत नाही, एवढं मला स्वतःबद्दल नक्की ठाऊक होतं.

मग जळगावच्या एका कंपनीची जाहिरात दिसली. ज्युनियर अँड्रॉइड डेव्हलपर, फ्रेशर चालेल, प्ले स्टोअरवर स्वतःचं ॲप असेल तर प्राधान्य. ती शेवटची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली, कारण माझं ॲप होतं. एकच, पण होतं.

त्याचं नाव 'पानी उनं'. अहिराणीत त्याचा अर्थ पाणी आलं. आमच्या गल्लीत नळाला पाणी रोज येत नाही. मध्ये किती दिवस जातील याचा नेम नाही आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी पहाटे येईल की भर दुपारी, हे ब्रह्मदेवाच्या बापालाही ठाऊक नसतं. त्यामुळे पाण्याच्या अंदाजाने बायका लग्नाला जायचं टाळतात. माझ्या आईने सख्ख्या भाचीच्या हळदीतून अर्ध्यावर उठून रिक्षा केली आहे. पाणी आलं की जी बाई आधी बघेल ती ओरडायची, पण ओरडणं चार घरांपलीकडे जात नाही. कूलर चालू असेल तर शेजारीही जात नाही.

मी केलं ते साधं होतं. ॲप उघडायचं, आपली गल्ली निवडायची. नळाला पाणी दिसलं की 'उनं' हे बटण दाबायचं. एकाच गल्लीतल्या तीन वेगवेगळ्या घरांतून बटण दाबलं गेलं की त्या गल्लीतल्या सगळ्यांच्या फोनवर नोटिफिकेशन जायचं. तीन घरांची अट मी मुद्दाम घातली, म्हणजे कुणी चेष्टेने दाबलं तर गल्ली उगाच पळणार नाही. आवाजही नेहमीचा टिंग नव्हता. आमच्या नळाखाली रिकामी कळशी ठेवून पाण्याची पहिली धार पडताना होणारा आवाज मी रेकॉर्ड केला होता. तो आवाज आला की आई हातातलं टाकून उठायची.

ॲप बनवणं सोपं होतं, ते प्ले स्टोअरच्या दुकानात मांडणं नाकी नऊ आणणारं. नव्या माणसाने स्वतःच्या नावाने ॲप टाकायचं तर आधी निदान बारा जणांनी ते सलग दोन आठवडे चाचणीसाठी घेतलेलं असावं लागतं, मगच ते सगळ्यांसाठी खुलं करायचा अर्ज करता येतो. माझे मित्र यासाठी इंटरनेटवर अनोळखी लोकांशी देवाणघेवाण करायचे, तू माझं घे, मी तुझं घेतो. मी आमची गल्ली घेतली. समोरच्या घरातल्या अक्का या कामी सेनापती झाल्या. साठीच्या पुढची बाई, लिहिणंवाचणं बेताचं, पण गल्लीत त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नाही. एकेका बाईला ओट्यावर बसवायचं, तिचा ई-मेल शोधायचा (तो तिला ठाऊकच नसायचा, मुलाने फोन घेताना काढून दिलेला), लिंक उघडून चाचणीला हो म्हणवून घ्यायचं. एकीने फोनमध्ये जागा नाही म्हणून चौथ्याच दिवशी काढून टाकलं, तेव्हा अक्कांनी तिला भर गल्लीत सुनावलं, "पोरनं काम शे, अन तू भजनना व्हिडिओ ठेवस का?" भजनं गेली, ॲप परत आलं.

आणि एवढं होऊन पहिल्याच पाण्याला ते फसलं. माझ्या आणि आईच्या जुन्या फोनवर कळशी वाजली, पण गल्लीतल्या निम्म्या फोनवर काहीच आलं नाही. त्या दिवशी मला तोंड दाखवायची लाज वाटली. घरोघरी जाऊन फोन बघितले तेव्हा कारण कळलं. नव्या फोनमध्ये ॲपला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी आधी मागावी लागते. जुन्या फोनमध्ये तो प्रश्नच येत नाही. आणि फसवणुकीच्या बातम्या ऐकून गल्लीतल्या यच्चयावत मुलांनी आपापल्या आईला एकच मंत्र दिला होता की फोनने काही विचारलं तर 'नको' दाबायचं. सगळ्या आज्ञाधारक आयांनी नको दाबलं होतं. काहींनी दोनदा, आणि दोनदा नको म्हटलं की फोन पुन्हा विचारतच नाही, सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं.

मग मी प्रश्न विचारण्याआधी एक पान घातलं. त्यावर आमच्या नळाचा फोटो आणि अहिराणीत एक ओळ, की आता फोन विचारील, हो म्हन, नही ते पानी उनं तरी तुले समजाव नही. ज्यांनी आधीच नको म्हटलं होतं त्यांच्यासाठी थेट सेटिंगमध्ये नेणारं बटण दिलं. पुढच्या पाण्याला सगळी गल्ली एकदम वाजली. त्या दिवशी मी गच्चीवर जाऊन एकटी हसले. ॲप सगळ्यांसाठी खुलं झालं तशा हळूहळू शेजारच्या गल्ल्या आल्या, मग पलीकडची कॉलनी.

जळगावच्या कंपनीला मी प्लेसमेंटचा नमुना पाठवला नाही. स्वतः लिहिलं. माझं इंग्रजी यथातथाच आहे, म्हणून वाक्यं छोटी ठेवली. लिहिलं की मला अनुभव नाही, एक ॲप आहे, त्याची ही लिंक. ते कोटलिन या प्रोग्रामिंगच्या भाषेत एकटीने लिहिलं आहे. मग नको दाबणाऱ्या आयांची गोष्ट चार ओळींत लिहिली, काय चुकलं, कसं कळलं, काय बदललं. शेवटी लिहिलं की चूक मी माझ्या टेबलावर बसून शोधू शकले नसते. कष्टाळू आणि जिद्दी हे शब्द कुठेच घातले नाहीत. वडिलांनी विचारलं, एवढंसंच? मी म्हटलं, एवढंच खरं आहे.

दोनच दिवसांत बोलावणं आलं.

पारोळा, एरंडोल करत बस जळगावला पोचेपर्यंत मी सगळे प्रश्न पाठ केले होते. कंपनी एका व्यापारी संकुलाच्या दुसऱ्या मजल्यावर, खाली कापडाची दुकानं. मालकांना सगळे शेठ म्हणायचे. त्यांच्या आजोबांचं किराण्याचं दुकान, वडिलांचं तेलाचं, आणि यांनी दुकानदारांना बिलं करायचं सॉफ्टवेअर विकता विकता ही कंपनी काढली. मुलाखत घ्यायला शेठ आणि टीमच्या प्रमुख मॅडम असे दोघं बसले होते. मॅडमनी माझं पत्र छापून आणलं होतं आणि आयांच्या गोष्टीखाली पेनने रेघ ओढली होती.

मॅडमनी चांगलं खोदून विचारलं. फोन झोपलेला असताना निरोप वेळेवर कसा पोचतो, काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला ॲप बंद पाडतात त्याचं काय केलं, एकाच घरातून तीन फोनवर दाबलं तर. शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नव्हतं आणि मी तसं सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. इथे सगळे पूर्ण उत्तरं घेऊन येतात."

मग शेठनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "किती घरं वापरतात?"

मी आकडा सांगितला.

"सगळी पाण्याची वाट बघणारी?"

"हो."

ते खुर्चीत मागे टेकले. त्यांचा चेहरा प्रेमळ होता, हे मला सांगायलाच हवं. त्यांनी माझ्यासाठी चहाबरोबर शेव मागवली होती आणि परतीची बस किती वाजता आहे हे दोनदा विचारलं होतं. "देख बेटा," ते म्हणाले, "तू कामाची मुलगी आहेस. आम्ही तुला घेतो. पण ॲप कंपनीच्या खात्यावर यायला पाहिजे. इथे काम करणाऱ्याने बाहेर स्वतःचं दुकान लावायचं नाही, हा आमचा नियम आहे. आणि खरं सांगू का, तुझ्यासारख्या मुली खूप येतात. ॲपसकट येणारी तू पहिली."

मी म्हटलं, "मी कंपनीसाठी दुसरं बनवते. हे गल्लीसाठी केलंय."

"बनव ना. पण आज तुझ्याकडे दुसरं काय आहे?"

हे त्यांनी टोचून नाही विचारलं. बाजारात माल बघून विचारतात तसं विचारलं. मला मात्र ते झोंबलं, कारण उत्तर 'काही नाही' असं होतं आणि ते माझ्याच पत्रात माझ्याच हाताने लिहिलेलं होतं. मॅडम कागदाकडे बघत राहिल्या. जिन्यात त्या माझ्यामागे आल्या आणि हळूच म्हणाल्या, "विचार करून सांगा. पण फार दिवस लावू नका, त्यांचा उत्साह लवकर उतरतो."

परतीच्या बसमध्ये मी पारोळ्यापर्यंत रागाने धुमसत होते आणि पारोळ्यानंतर घाबरत होते. ॲप दिलं नाही तर क्लास. दिलं तर नोकरी, पण माझ्या नावावर काय? प्ले स्टोअरवर ॲपच्या खाली बारीक अक्षरात बनवणाऱ्याचं नाव असतं. तिथे माझं नाव होतं. आई ते पाहुण्यांना फोन पुढे करून दाखवायची.

घरी सांगितल्यावर वडील म्हणाले, "देऊन टाक." एवढंच. मला ते पटलं नाही. मी म्हटलं, ॲप माझं एकटीचं नाही, ज्यांनी चाचणीला हो म्हटलं त्या बायकांना विचारते. मनातून मला वाटत होतं की त्या चवताळून उठतील, आमचं ॲप विकायचं नाही म्हणतील, आणि मला नाही म्हणायला बळ येईल. संध्याकाळी अक्कांच्या ओट्यावर सगळ्या जमल्या. मी समजावून सांगितलं. कंपनी, खातं, मालकी, सगळं.

अक्कांनी शेंगा सोलता सोलता ऐकलं आणि म्हणाल्या, "मंग दी टाक व माय. इचारानं काय त्यामा?"

"अक्का, आपलं ॲप जाईल."

"जाऊ दे. पानी काय तुन्हा फोनमा येस का? नळमा येस." सगळ्या हसल्या. "तुले नोकरी लागनी पाहिजे. आम्ही आरडसूत पहिलेसारखं."

त्यांनी ते माझ्यासाठीच म्हटलं, हे मला कळत होतं. तरी मला रडू आलं. मी ज्याला जीव लावला होता ते त्यांनी माझ्या भल्यासाठी इतक्या सहज सोडून दिलं, की मला धरून ठेवायला कारणच उरलं नाही. एका काकूंनी मला ओट्यावरूनच पेढ्यांची आठवण करून दिली. दुसऱ्या दिवशी मी होकार कळवला.

ॲप एका खात्यातून दुसऱ्यात द्यायला फारसं काही लागत नाही. कंपनीने त्यांच्या खात्याच्या नोंदणीचा व्यवहार क्रमांक पाठवला, मी तो भरून विनंती केली, त्यांनी मान्य केली. ॲपबरोबर वापरणारी माणसं, त्यांनी दिलेले तारे, लिहिलेले अभिप्राय, सगळं आपोआप जातं. नोटिफिकेशन ज्या ऑनलाइन सेवेतून सुटतात तिथला माझा प्रकल्पही मी त्यांच्या हवाली केला. कुणाच्या फोनवर काही हललं नाही. फक्त खालचं नाव बदललं. आईने ते बघितलं आणि म्हणाली, "बारीक अक्षर होतं, नाहीतरी कुणाला दिसत होतं?" ती मला बरं वाटावं म्हणून बोलली. मला बरं वाटलं नाही.

जळगावात मी तीन मुलींबरोबर एका खोलीत राहायला लागले. काम आवडलं. दुकानदारांच्या बिलांच्या ॲपमध्ये मला छोट्या छोट्या दुरुस्त्या द्यायचे, आणि मॅडम माझा कोड वाचून बाजूला शेरे लिहायच्या, शाळेतल्या बाईंसारखे, पण त्यांच्यापेक्षा उपयोगी. 'पानी उनं' कडे कुणी बघत नव्हतं. मला वाटलं, ठीक आहे, नाव गेलं पण कळशी वाजते आहे. वडिलांनी क्लासचं नाव काढणं बंद केलं. फोनवर ते आता माझ्या कामाचं काही कळत नसूनही विचारायचे.

मग एका दुपारी आईचा फोन आला. ती धापा टाकत होती. "काय व, पानी उनं म्हनी कळशी वाजनी अन नळ ते कोरडाठाक!"

मला वाटलं, तिघांनी चुकून दाबलं असेल. म्हटलं, फोनवर काय लिहून आलंय ते वाच. आईने अडखळत वाचलं. 'पाणी नाही? काळजी नको. टँकर मागवा, एका तासात दारात.' खाली नंबर.

मला एका क्षणात सगळं कळलं. नोटिफिकेशन सोडणाऱ्या त्या सेवेच्या पानावर जाऊन, कोडचं एक अक्षर न बदलता, कुणालाही सगळ्या फोनवर निरोप पाठवता येतो. मजकूर लिहायचा, पाठवा म्हणायचं. असा निरोप ॲपमध्ये जो आवाज ठरवलेला असतो तोच वाजवतो. तीन घरांची अट त्याला लागूच नव्हती, ती माझ्या बटणापुरती होती. आमच्या मार्केटिंगच्या माणसाने दोन टँकरवाल्यांची जाहिरात मिळवली होती आणि जेवणाआधी ती पाठवून तो डबा खायला बसला होता.

गल्लीत तेव्हा काय झालं ते आईने नंतर सांगितलं. अक्का पूजेवरून उठल्या. एक सून बाळाला न्हाऊ घालताना तसंच टॉवेलमध्ये गुंडाळून धावली. पलीकडच्या काकू पायरीवर घसरल्या आणि गुडघा सुजला. हंडे, कळशा, पाइप घेऊन सगळी गल्ली नळांशी उभी, आणि नळातून हवासुद्धा येत नव्हती.

मी शेठच्या केबिनमध्ये गेले. माझा आवाज चढला होता. मी सांगितलं की जाहिरातीसाठी नोटिफिकेशनचा वेगळा प्रकार करता येतो, त्याला वेगळा आवाज देता येतो, म्हणजे ज्याला नको तो फक्त जाहिरात बंद करील आणि पाण्याचा निरोप चालू राहील. अर्ध्या दिवसाचं काम आहे, मी करते.

शेठनी शांतपणे ऐकलं. "बंद करता येईल ना मग?"

"हो."

"मग सगळे बंदच करतील, बेटा. त्या आवाजाला लोक उठतात, म्हणून तर टँकरवाले तयार झाले."

मी मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. मी बोलेन." त्या बोलल्याही असतील. पण त्या आठवड्यात आणखी दोनदा कळशी वाजली आणि दोन्ही वेळा नळ कोरडे होते.

त्यानंतर काय झालं ते मी ऑफिसात बसून आलेखावर बघितलं. ॲप किती फोनवर आहे याची रेघ, जी आजवर सावकाश वर जात होती, ती एका दिवशी वाकली आणि मग खाली सुटली. आधी आमची गल्ली, मग शेजारच्या, मग ती कॉलनी. आईला विचारलं तर ती आधी आढेवेढे घेऊ लागली, मग म्हणाली, "बठ्ठ्यास्नी काढी टाकं. मी बी काढं. तुले कसं सांगाव?" सगळ्यांनीच काढलं, आईनेही, म्हणून मला वाईट वाटलं आणि त्याच वेळी आतून एक उकळी फुटली, की बरं झालं. दोन्ही खरं होतं. त्या दिवशी मी खोलीवर जाऊन धड जेवलेही नाही, कारण ती रेघ शेठच्या नजरेस पडल्यावर काय होणार हे मला दिसत होतं.

सोमवारी शेठनी बोलावलं. मॅडम आणि मार्केटिंगचा माणूस आधीच बसले होते. शेठच्या समोर तोच आलेख उघडा होता. ते रागावलेले नव्हते, दुखावलेले होते, माल खराब निघाल्यावर व्यापारी दुखावतो तसे.

"बेटा, मी टँकरवाल्यांना शब्द दिलाय. आपल्या धंद्यात शब्दच चालतो. ही माणसं तुझी आहेत. तुझ्या शब्दावर आली होती, तुझ्या शब्दावर परत येतील. सुरुवात कुणापासून केली होतीस?"

"समोरच्या अक्कांपासून."

"लाव त्यांना फोन. इथेच लाव, स्पीकरवर. त्या आल्या की बाकीच्या येतील. मी तुझ्या प्रोबेशनचं बघतोच आहे, पुढच्या आठवड्यात कायम करायचं आहे तुला."

ते धमकी देत नव्हते, असं त्यांना स्वतःला नक्की वाटत असेल. मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर खाली घेतली. मी टेबलावर फोन ठेवला आणि नंबर लावला. अक्का उचलायला वेळ लावतात, कारण त्या आधी चष्मा शोधतात. तेवढ्या वेळात मी मनात वाक्य जुळवलं, की अक्का, काही तांत्रिक घोळ होता, आता दुरुस्त झाला, परत टाका. एवढं सोपं वाक्य. वडिलांचा चेहरा डोळ्यापुढे आला.

"कोन, माय का? बोल व."

"अक्का, ॲपचं बोलायचं होतं. तुम्ही काढून टाकलं ना?"

"काढं ना. रागे भरू नको." त्या जरा वरमल्या. मग लगेच म्हणाल्या, "तुले नोकरीमा तरास व्हई ऱ्हायना का? तसं व्हई ते सांग. तू सांगशी ते आज परत टाकसूत, बठ्ठ्यास्ले मी सांगस. पन एक खरं खरं सांग माय. पानी उनं म्हंजे वाजी, का टँकर उना म्हंजे वाजी?"

मार्केटिंगच्या माणसाने मान खाली घातली. शेठ माझ्याकडे बघत होते आणि हाताने खूण करत होते, बोल, बोल.

त्यांच्याकडे न बघता मी म्हणाले, "नका टाकू, अक्का."

"बरं व माय," अक्का म्हणाल्या. "तू जेवनी का?"